चिकटवलेल्या मजकुरातून परिषदेचा सत्र-तक्ता : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

परिषदेचा कार्यक्रम आपल्या हाती येतो तो बहुतेक वेळा मेलमध्ये चिकटवलेला सलग मजकूर म्हणून. कुठे वेळ आधी, कुठे दालन आधी, मध्येच 'समांतर सत्रे' असा एक मथळा, आणि खाली नुसती नावे. सोबत एका ओळीचा निरोप असतो : "याचा तक्ता करून द्या, वेळ एका बाजूला आणि हॉल वरती." हे काम ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आले आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे.

माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे. मजकुरावरून थेट तक्ता आखायला घेऊ नका. आधी प्रत्येक सत्राची एक ओळ अशी साधी यादी करा आणि त्या यादीतून तक्ता काढा. थेट तक्ता आखला की मजकुरातल्या उणिवा चौकटींमध्ये लपून जातात. न दिलेली शेवटची वेळ, एकाच वेळी दोन ठिकाणी असलेला वक्ता, ट्रॅकचे म्हणजे विषयमालिकेचे नाव दालनाला चिकटलेले, असल्या गोष्टी मग परिषदेच्या सकाळी कुणीतरी दाराशी उभे राहून सांगतो. यादी केली की त्याच उणिवा रिकाम्या खान्यांच्या रूपाने लगेच समोर येतात.

## काय काय लागेल

- कार्यक्रमाचा मूळ मजकूर, जसा आला तसा, आणि तो कोणत्या तारखेचा आहे याची नोंद
- दालनांची अधिकृत नावे, जी दारावर लावली जाणार आहेत तीच
- ट्रॅकची अंतिम नावे
- शंका विचारण्यासाठी आयोजकांपैकी एकच ठरलेली व्यक्ती
- गूगल शीट्स किंवा एक्सेलची नवी आवृत्ती (खालची काही सूत्रे जुन्या एक्सेलमध्ये नाहीत)
- साधा मजकूर संपादक, म्हणजे नोटपॅडसारखा

शंका विचारायला एकच व्यक्ती हवी, हे मी मुद्दाम सांगतो. दोघांना विचारले की दोन उत्तरे येतात, आणि तक्त्याच्या दोन आवृत्त्या फिरू लागतात.

## उदाहरणाचा मजकूर

पुढचे सगळे या एका दिवसाच्या ग्रंथालय परिषदेवरून समजावून घेऊ. परिषद कल्पित आहे. वक्त्यांच्या जागी अक्षरे ठेवली आहेत.

```
सकाळी ९.०० नोंदणी
९.३० - १०.१५ उद्घाटन व बीजभाषण (क), मुख्य सभागृह
१०.१५ चहा
१०.३० - १२.०० समांतर सत्रे
दालन १ (जतन): हस्तलिखितांची हाताळणी - ख; कीड आणि आर्द्रता - ग
दालन २ (तंत्र): १०.३० सूचीकरणाची साधने - घ; ११.१५ बारकोड आणि देवघेव - च
मुख्य सभागृह (वाचन): १०.३० - ११.३० परिसंवाद, मुलांचे वाचन - छ, ज, ख
१२.०० जेवण
१.०० - २.३०
दालन १ (जतन): कार्यशाळा, पुस्तक बांधणी - ग
दालन २ (वाचन): खुली चर्चा, वाचकगट - छ
मुख्य सभागृह (तंत्र): १.०० डिजिटल प्रतींची साठवण - च; १.४५ शोधसाधने - घ
२.३० समारोप, मुख्य सभागृह
```

वरवर वाचले तर सगळे ठीक वाटते. पण यात एक खरी चूक आहे, तीन ठिकाणी माहिती अपुरी आहे, आणि तक्ता चुकीच्या दिशेने आखायला लावणारी एक गोष्टही आहे. कामाच्या ओघात त्या एकेक करून सापडतील.

## १. मूळ मजकूर सुरक्षित ठेवा आणि स्वच्छ करा

फाईलमध्ये पहिले पान 'मूळ' नावाचे करा. त्यात मजकूर जसाच्या तसा ठेवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. नंतर वाद निघाला की बोट दाखवायला हेच पान कामाला येते.

कामाची प्रत आधी नोटपॅडमध्ये चिकटवा आणि तिथून उचला, म्हणजे रंग, फॉन्ट आणि लपलेल्या तक्त्यांचे अवशेष गळून पडतात. थेट शीटमध्ये चिकटवायचेच असेल तर `Ctrl+Shift+V` वापरा.

मजकूर पीडीएफमधून उचललेला असेल तर जास्त जपून राहा. पीडीएफमध्ये दोन रकाने शेजारी असले तर कॉपी करताना डावीकडची एक ओळ आणि उजवीकडची एक ओळ अशी सरमिसळ होऊ शकते, आणि मग एका दालनातले शीर्षक दुसऱ्या दालनातल्या वक्त्याच्या नावाला जाऊन चिकटते. मराठी पीडीएफमध्ये जोडाक्षरेही तुटतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाईल असेल तर हाती नुसती अगम्य अक्षरे येतात. अशा वेळी दुरुस्त करत बसू नका, मूळ वर्ड फाईल मागवा.

स्वच्छता झाली की मूळ मजकुरातली सत्रे बोटाने मोजा आणि आकडा लिहून ठेवा. आपल्या उदाहरणात चहा, जेवण आणि नोंदणी धरून १४ बाबी आहेत. 'समांतर सत्रे' हा मथळा आहे, सत्र नव्हे, म्हणून तो मोजायचा नाही. यादी पूर्ण झाल्यावर तिच्यातही १४ ओळी आल्या पाहिजेत.

## २. एक सत्र, एक ओळ

दुसरे पान करा, त्याला `Yadi` असे नाव द्या. सूत्रांत पानाचे नाव पुन्हा पुन्हा येते, म्हणून ते छोटे आणि मधे जागा नसलेले ठेवले की बरे पडते. रकाने असे :

A क्रमांक, B सुरुवात, C शेवट, D दालन, E ट्रॅक, F शीर्षक, G वक्ते, H शंका.

क्रमांक `S01`, `S02` असे द्या. एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही. सत्र रद्द झाले तर तो क्रमांकही रद्द, दुसऱ्याला द्यायचा नाही. सत्राची वेळ, दालन, अगदी शीर्षकसुद्धा बदलते. क्रमांक तेवढा टिकतो आणि त्यामुळेच फोनवर बोलताना "एस आठबद्दल विचारतोय" असे नेमके सांगता येते.

सकाळच्या समांतर सत्रांच्या ओळी अशा दिसतील :

```
S04 | 10:30 |   ?   | दालन १       | जतन  | हस्तलिखितांची हाताळणी | ख
S05 |   ?   |   ?   | दालन १       | जतन  | कीड आणि आर्द्रता       | ग
S06 | 10:30 | 11:15 | दालन २       | तंत्र  | सूचीकरणाची साधने       | घ
S07 | 11:15 | 12:00 | दालन २       | तंत्र  | बारकोड आणि देवघेव      | च
S08 | 10:30 | 11:30 | मुख्य सभागृह | वाचन | परिसंवाद, मुलांचे वाचन | छ, ज, ख
```

पहिली उणीव इथेच दिसली. दालन २ मधल्या भाषणांना स्वतःच्या वेळा आहेत. दालन १ मधल्या दोन भाषणांना मात्र फक्त ९० मिनिटांचा सामाईक पट्टा दिला आहे. ४५-४५ मिनिटे असावीत असे वाटते, पण ते आपले अनुमान आहे. अनुमानाने भरलेली वेळ आणि मजकुरात असलेली वेळ यादीत सारखीच दिसू लागली की पुढे फरक कळत नाही. म्हणून अनुमानाची वेळ भरा, त्या खान्याला पिवळा रंग द्या आणि H रकान्यात प्रश्न लिहा : "दोन्ही भाषणे ४५ मिनिटांची का? क्रम हाच का?"

शेवटची वेळ नसलेल्या बाबी दोन प्रकारच्या असतात. चहाला शेवट दिलेला नाही, पण पुढचे सगळे १०.३० ला सुरू होते, म्हणून तो १०.३० ला संपतो. नोंदणी आणि जेवणाचेही तसेच. समारोपाच्या पुढे मात्र काहीच नाही. तो ३ वाजता संपेल असे धरून ठेवा आणि विचारा, कारण सभागृह किती वाजता मोकळे करायचे हे त्यावर ठरते. दुपारच्या खुल्या चर्चेला वरचा १.०० ते २.३० चा पट्टा लागू आहे असे दिसते, तरी तिथेही प्रश्न लिहून ठेवा.

चहा, जेवण आणि नोंदणी यांच्या दालन रकान्यात `सर्व` असे लिहा. ट्रॅक रिकामा ठेवा.

## ३. वेळा खरोखर वेळा आहेत का

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. शीटला `10:30` ही वेळ म्हणून समजते. आत ती दिवसाचा अंश म्हणून साठवली जाते. मजकुरातून आलेल्या वेळा मात्र चार प्रकारे फसवतात.

देवनागरी अंकांतली ९.३० ही शीटसाठी बहुधा नुसता मजकूर असते. तिच्यावर गणित होत नाही आणि ती नीट क्रमाने लागत नाही. इंग्रजी अंकांत पण टिंब देऊन `9.30` लिहिले तर ती दशांश संख्या होते, आणि खान्यात `9.3` दिसू लागते. जेवणानंतरचा १.०० तसाच `1:00` म्हणून भरला तर तो रात्रीचा एक ठरतो आणि क्रम लावल्यावर दुपारची सत्रे नोंदणीच्याही वर जाऊन बसतात. चौथा प्रकार दिसत नाही : वेळेच्या मागेपुढे कॉपी होऊन आलेली न तुटणारी मोकळी जागा. `TRIM` ती काढत नाही. त्यासाठी असे करावे लागते :

```
=TIMEVALUE(TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," ")))
```

यादी लहान असेल तर सरळ उपाय हाच की वेळा हाताने, इंग्रजी अंकांत, मध्ये `:` हे चिन्ह देऊन, चोवीस तासांच्या पद्धतीने भराव्यात : `13:00`, `13:45`. तक्ता छापताना त्या पुन्हा देवनागरीत आणि बारा तासांच्या पद्धतीने दाखवता येतात.

भरून झाल्यावर दोन तपासण्या करा. खान्याची मांडणी बदललेली नसेल तर खरी वेळ खान्यात उजवीकडे टेकते आणि मजकूर डावीकडे, म्हणून रकान्यावरून नुसती नजर फिरवली तरी वेगळा खाना उठून दिसतो. मग J रकान्यात प्रत्येक सत्राची मिनिटे काढा :

```
=ROUND((C2-B2)*1440,0)
```

उणे आकडा आला तर दुपारची वेळ सकाळची झाली आहे. चूक दाखवणारा शेरा आला तर दोन्हींपैकी एक वेळ मजकूर आहे. आणि इतर सत्रे ४५ किंवा ९० मिनिटांची असताना एखादे ७ मिनिटांचे निघाले तर टंकलेखनाची चूक आहे.

## ४. तक्त्याच्या ओळी : वेळेच्या सीमा

आता `Takta` नावाचे तिसरे पान. डावीकडच्या रकान्यात वेळा येतील. कोणत्या?

पहिला विचार येतो तो दर १५ मिनिटांना एक ओळ असा. सकाळी ९ ते दुपारी ३ या सहा तासांच्या २४ ओळी होतात आणि बहुतेक खाने जोडण्यातच जातात. दुसरा विचार, मजकुरात दिलेल्या मोठ्या पट्ट्यांचीच एकेक ओळ करण्याचा. तेव्हा १०.३० ते १२.०० ही एकच ओळ होते आणि ११.१५ ला सुरू होणारे भाषण कुठे दाखवायचे हा प्रश्न पडतो. मग माणसे ते खान्याच्या आत कंसात कोंबतात.

योग्य ओळी असतात त्या सीमांच्या. ज्या ज्या क्षणी कोणत्याही दालनात काहीतरी सुरू होते किंवा संपते, तो प्रत्येक क्षण एक सीमा. सगळ्या सुरुवाती आणि सगळे शेवट एकत्र करा, दुहेरी काढा, क्रमाने लावा. `Takta` पानाच्या `A2` मध्ये :

```
=SORT(UNIQUE(VSTACK(Yadi!B2:B15,Yadi!C2:C15)))
```

रकान्याला वेळेचे स्वरूप द्या. आपल्या उदाहरणात ११ सीमा येतात : ९.००, ९.३०, १०.१५, १०.३०, ११.१५, ११.३०, १२.००, १.००, १.४५, २.३० आणि ३.००. शेवटची सीमा म्हणजे दिवसाचा शेवट, म्हणून तक्त्याच्या ओळी १०.

एखादी वेळ या सीमांमध्ये दोनदा दिसली, म्हणजे ११.१५ खाली पुन्हा ११.१५, तर घाबरू नका. त्यातली एक वेळ टंकलेली असते आणि दुसरी सूत्राने मिनिटे मिळवत काढलेली. आतल्या दशांशात अगदी सूक्ष्म फरक राहतो. काढलेली वेळ `=ROUND(B5*1440,0)/1440` अशी पूर्ण मिनिटावर आणली की दुहेरी ओळ जाते.

## ५. रकाने दालनांचे, ट्रॅकचे नव्हेत

मजकुरात सकाळी दालन १ म्हणजे जतन, दालन २ म्हणजे तंत्र आणि मुख्य सभागृह म्हणजे वाचन असे दिसते. त्यामुळे वरच्या ओळीत ट्रॅकची नावे लिहायचा मोह होतो. दुपारचे वाचा : दालन २ मध्ये वाचन, मुख्य सभागृहात तंत्र. ट्रॅकचे रकाने केले असते तर दुपारी 'वाचन' रकान्याखाली बसलेला माणूस तसाच मुख्य सभागृहात बसून राहिला असता.

याचे कारण पक्के आहे. एका दालनात एका वेळी एकच सत्र होते, म्हणून दालन आणि वेळ मिळून एकच खाना ठरतो. ट्रॅकचे तसे नसते. एका ट्रॅकची दोन सत्रे एकाच वेळी दोन दालनांत असू शकतात. म्हणून दालन ही तक्त्याची बाजू आणि ट्रॅक हा सत्राला लावलेला शिक्का.

दालनांची नावे `B1`, `C1`, `D1` मध्ये लिहा, ती यादीतल्या नावांशी अक्षर न् अक्षर जुळली पाहिजेत. मग `B2` मध्ये हे सूत्र टाकून सगळीकडे ओढा :

```
=IFERROR(TEXTJOIN(CHAR(10),TRUE,FILTER(Yadi!$A$2:$A$15,
((Yadi!$D$2:$D$15=B$1)+(Yadi!$D$2:$D$15="सर्व"))
*(Yadi!$B$2:$B$15<=$A2)*(Yadi!$C$2:$C$15>$A2))),"")
```

सूत्र म्हणते एवढेच : या दालनातले, या वेळेला किंवा त्याआधी सुरू झालेले आणि या वेळेनंतर संपणारे जे सत्र असेल त्याचा क्रमांक दाखव. 'संपणारे' याला फक्त `>` आहे, `>=` नाही. तिथे बरोबरचे चिन्ह घातले तर ११.१५ ला संपणारे सत्र ११.१५ च्या ओळीतही राहते आणि प्रत्येक सीमेवर खोटी टक्कर दिसू लागते.

हाती येतो तो क्रमांकांचा कच्चा तक्ता. त्याचा मधला भाग असा :

```
        मुख्य सभागृह   दालन १   दालन २
10:30   S08            S04      S06
11:15   S08            S05      S07
11:30                  S05      S07
12:00   S09            S09      S09
13:00   S12            S10      S11
13:45   S13            S10      S11
```

हा कच्चा तक्ता मला छापील तक्त्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो, कारण तो बोलतो. तोच क्रमांक खाली खाली आला तर खाने उभे जोडायचे. तोच क्रमांक आडवा आला तर बाब सर्वांसाठी आहे. एका खान्यात दोन क्रमांक आले तर एका दालनात दोन सत्रे आदळली आहेत. खाना रिकामा असेल तर दालन त्या वेळी मोकळे आहे, जसे ११.३० ते १२.०० मुख्य सभागृह. आणि एखाद्या दालनाखाली नोंदणी, चहा, जेवण सोडून काहीच आले नाही, तर दालनाचे नाव जुळत नाही : एकीकडे 'दालन १' आणि दुसरीकडे 'दालन 1' असे झालेले असते.

## ६. वक्त्यांची टक्कर

दालनांची टक्कर कच्चा तक्ता दाखवतो, माणसांची दाखवत नाही. परिसंवादात तीन नावे एकाच खान्यात आहेत, म्हणून शीटला त्यातले 'ख' वेगळे ओळखता येत नाही. त्यासाठी `Vakte` हे छोटे पान करा : A मध्ये सत्राचा क्रमांक, B मध्ये एकाच व्यक्तीचे नाव. परिसंवादाच्या तीन ओळी होतील. उदाहरणात एकूण १२ ओळी आहेत. C आणि D मध्ये वेळा यादीतून आणा :

```
=XLOOKUP(A2,Yadi!$A$2:$A$15,Yadi!$B$2:$B$15)
=XLOOKUP(A2,Yadi!$A$2:$A$15,Yadi!$C$2:$C$15)
```

आणि E मध्ये तपासणी :

```
=SUMPRODUCT((B$2:B$13=B2)*(C$2:C$13<D2)*(D$2:D$13>C2))
```

दोन सत्रे एकमेकांवर येतात ती पहिले सुरू होण्याची वेळ दुसरे संपण्याआधीची आणि पहिले संपण्याची वेळ दुसरे सुरू झाल्यानंतरची असेल तेव्हाच. प्रत्येक ओळ स्वतःशी जुळतेच, म्हणून उत्तर १ आले तर सगळे ठीक. २ आले तर टक्कर.

आपल्या उदाहरणात 'ख' च्या दोन्ही ओळींत २ येतात. १०.३० ला ती व्यक्ती दालन १ मध्ये हस्तलिखितांवर बोलते आहे आणि त्याच वेळी मुख्य सभागृहातल्या परिसंवादातही आहे. मजकूर पुन्हा वाचा. नाव दोनदा आहे, पण दोन ओळींत विखुरलेले असल्यामुळे डोळ्यांना खटकत नाही.

आता उपाय शोधू. दालन १ मधल्या भाषणांचा क्रम तसाही नक्की नव्हता, म्हणून पहिला विचार येतो अदलाबदलीचा : 'ग' आधी, 'ख' ११.१५ ला. पण परिसंवाद ११.३० पर्यंत चालतो, म्हणजे १५ मिनिटे टक्कर उरतेच. यादीत वेळा बदलून पाहा, तपासणी अजून २ दाखवते. दुसरा पर्याय, परिसंवाद पूर्ण तासाचा ठेवून ११.१५ ला सुरू करायचा. मग तो १२.१५ ला संपतो, आणि कच्च्या तक्त्यात १२.०० च्या ओळीत `S08` आणि `S09` दोन्ही दिसू लागतात, म्हणजे परिसंवाद जेवणात शिरला. तिसरा, 'ख' आधी बोलेल आणि परिसंवाद ११.१५ ते १२.०० असा ४५ मिनिटांचा होईल. यात टक्कर उरत नाही, ११.३० ची सीमाही नाहीशी होते आणि तक्त्याची एक ओळ कमी होते.

तिसरा पर्याय आपल्याला कितीही आवडला तरी तो आपण ठरवायचा नाही. परिसंवादाची १५ मिनिटे कापणे हा कार्यक्रम समितीचा निर्णय आहे. ठरलेल्या व्यक्तीला तिन्ही पर्याय, प्रत्येकाचा परिणाम एका ओळीत लिहून, पाठवा. एक गोष्ट सोबत कळवाच : 'ख' ११.१५ ला एका दालनात संपवून ११.१५ लाच दुसऱ्यात पोचू शकत नाही. सूत्राला ही टक्कर वाटत नाही, कारण वेळा फक्त एकमेकींना टेकतात. परिसंवादात 'ख' ला शेवटी बोलायला ठेवले की प्रश्न सुटतो, पण ते परिसंवादाच्या सूत्रसंचालकाला आधी सांगावे लागते.

पुढे समितीने तिसरा पर्याय मान्य केला असे धरू.

## ७. क्रमांकांच्या जागी मजकूर

सगळे पिवळे खाने पांढरे झाल्याशिवाय इथे येऊ नका.

`Yadi` पानात I रकान्यात वाचकाला दिसणारा मजकूर तयार करा :

```
=F2&IF(G2="","",CHAR(10)&G2)&IF(E2="","",CHAR(10)&"["&E2&"]")
```

मग कच्च्या तक्त्याच्या शेजारी किंवा नव्या पानावर प्रत्येक क्रमांकाऐवजी हा मजकूर `XLOOKUP` ने आणा. ते सगळे निवडून, नुसती मूल्ये म्हणून, `Chhapai` नावाच्या पानावर चिकटवा. रंग आणि खाने जोडणे हे फक्त याच पानावर करायचे. जोडलेल्या खान्यांत फक्त वरच्या डावीकडच्या खान्याचा मजकूर उरतो, आणि अशा पानावर क्रम लावणे किंवा गाळणी म्हणजे फिल्टर लावणे जमत नाही. यादीत किंवा कच्च्या तक्त्यात खाने जोडले तर पुढचा प्रत्येक बदल हाताने करावा लागेल.

उद्घाटन आणि समारोप मुख्य सभागृहात आहेत आणि त्या वेळी बाकी दालने रिकामी आहेत. अशी बाब तिन्ही रकान्यांवर पसरवली तर छान दिसते, पण मग ती कुठे आहे हे रकान्यावरून कळत नाही. म्हणून पसरवायची असेल तर खान्यात 'मुख्य सभागृह' हे शब्द लिहाच. चहा आणि जेवणाला करडा रंग द्या.

डावीकडच्या रकान्यात नुसते '१०.३०' न लिहिता '१०.३० ते ११.१५' असे लिहा. जोडलेल्या खान्यांच्या तक्त्यात सत्र कधी संपते हे शोधायला नजर खाली न्यावी लागते. दोन्ही वेळा दिल्या की ती वणवण वाचते. तरीही दोन ओळी व्यापणाऱ्या सत्रात, जसे पुस्तक बांधणीची कार्यशाळा, वेळ खान्याच्या आतही लिहा : १.०० ते २.३०.

## ८. ट्रॅकचे रंग

प्रत्येक ट्रॅकला एक फिका रंग द्या, म्हणजे वरचा काळा मजकूर नीट वाचता येईल. पण रंगाच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच प्रती काळ्या-पांढऱ्या छापल्या जातात, आणि काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. म्हणूनच वरच्या सूत्रात ट्रॅकचे नाव चौकोनी कंसात घातले आहे. रंग उडाला तरी ते राहते. ट्रॅक पाच-सहाच्या वर गेले तर फिके रंग एकमेकांसारखे दिसू लागतात. तेव्हा फक्त नाव ठेवलेले बरे.

## ९. छपाई, फोन आणि नंतरचे बदल

तीन दालनांचा तक्ता आडव्या ए४ पानावर आरामात बसतो. दालने वाढली की अक्षर बारीक करत जाऊ नका. सकाळ आणि दुपार अशी दोन पाने करा आणि दोन्हींवर दालनांची नावे वर पुन्हा छापा. ओळींची उंची वेळेच्या प्रमाणात ठेवण्याचा आग्रह धरू नका. तसे केले तर १५ मिनिटांच्या चहाला नाव लिहिण्यापुरतीही जागा उरत नाही आणि जेवणाचा पांढरा पट्टा पान खातो.

फोनवर तक्ता वाचणे कठीण जाते, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी जोडलेले खाने फार गोंधळाचे असतात. त्यांच्यासाठी यादी तयारच आहे : ती सुरुवातीच्या वेळेने आणि मग दालनाने क्रम लावून तक्त्यासोबत द्या.

पाठवण्याआधी मूळ पानावरचा आकडा आठवा. छापील तक्त्यातली प्रत्येक बाब एकेक करून मूळ मजकुरावर खूण करत जा. १४ खुणा झाल्या पाहिजेत. खाने जोडताना एखादे शीर्षक पुसले गेले असेल तर ते इथेच कळते.

तक्त्याच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक, तारीख आणि वेळ छापा. बदल आला की तो फक्त `Yadi` मध्ये करा, मिनिटांची आणि वक्त्यांची अशा दोन्ही तपासण्या पाहा, कच्चा तक्ता पुन्हा वाचा आणि `Chhapai` पान नव्याने बनवा. छापील पानावर थेट केलेली एखादी दुरुस्ती यादीत राहून जाते, आणि पुढच्या आवृत्तीत जुनी चूक परत येते. दालनांच्या दारांवर लावायचे कागदही याच यादीतून, D रकान्यावर गाळणी लावून काढा, आणि जुन्या आवृत्तीचे कागद कोणत्या दारावरून काढायचे त्याची नोंद नव्या कागदांसोबतच स्वयंसेवकांना द्या.